दोन फुटांवरचा अबोला

आमच्या सांगलीकडं भांडण झाकून राहत नाही. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यावरून दोघं एकमेकांवर ओरडले, तर तासाभरानं तेच दोघं टपरीवर एकमेकांच्या चहाचे पैसे देण्यावरून पुन्हा ओरडत असतात. रोखठोक बोलणं हा आम्ही आमचा गुण समजतो. पुण्याकडच्या पाहुण्यांना तो उद्धटपणा वाटतो, हेही आम्हांला ठाऊक आहे. पण हीच माणसं सकाळी ऑफिसात येऊन खुर्चीत बसली की त्यांची तऱ्हा बदलते. तिथं कुणी ओरडत नाही. तिथं फाईल जरा जास्त जोरात ठेवली जाते. कुणाकडंही न बघता, ‘असतं बाई एकेकाचं नशीब’ असं म्हटलं जातं. आणि कधीकधी दोन फुटांवर बसलेलं माणूस दिवसचे दिवस तुमच्याशी एक शब्द बोलत नाही.

या दोन फुटांबद्दल लिहायचं आहे. साहेबाचा जाच, वरिष्ठांचं राजकारण यावर पुष्कळ बोललं जातं. शेजारच्या टेबलाबद्दल कुणी बोलत नाही, कारण सांगायला गेलं की तक्रार फार क्षुल्लक वाटते. ‘त्या माझ्याशी बोलत नाहीत’ हे वाक्य चाळिशीतल्या बाईनं कुणाला सांगायचं? ऐकणारा हसतो आणि म्हणतो, दुर्लक्ष करा. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यानं नुकसान होतं, ते पुढं सांगते.

मी एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात, हिशेब विभागात आहे. संस्थेचं नाव इथं नको आणि शेजारच्या बाईंचंही नको. आमची दोघींची टेबलं एकमेकींना चिकटून आहेत. डोक्यावर पंखा एक, कपाट एक आणि त्या कपाटाची किल्ली बाईंच्या ड्रॉवरमध्ये. काउंटरवरून आलेली व्हाउचरं त्या तपासून सही करतात, मग ती माझ्याकडं येतात आणि मी संगणकात नोंद टाकते. संध्याकाळी दोन्हीकडचे आकडे जुळले की दिवसअखेर होते आणि सहसा मगच दोघींना घरी जाता येतं. म्हणजे आमच्यात बोलणं बंद पडलं तर फक्त मन खट्टू होत नाही, शेवटची बसही चुकते.

बाई माझ्यापेक्षा बऱ्याच सीनियर. मी नोकरीला लागले तेव्हा रोजकीर्द कशी वाचायची, तेरीज जुळत नसेल तर आधी फरकाला नऊनं भाग का द्यायचा, हे त्यांनीच शिकवलं. (आकड्यांची उलटापालट झाली असेल, म्हणजे 54 चे 45 लिहिले गेले असतील, तर फरक नऊनं पूर्ण भागतो. आजही मला हे जादूसारखं वाटतं.) तेव्हा त्या मला ‘अगं’ म्हणायच्या. मग संस्थेनं नवीन संगणक प्रणाली घ्यायचं ठरवलं आणि प्रशिक्षणासाठी माझं नाव गेलं. बाईंना कुणी विचारलं नाही. त्यांना ते सूचना फलकावर वाचून कळलं. त्या दिवसापासून मी ‘मॅडम’ झाले. ‘मॅडम, तुमचं झालं असेल तर कपाट बंद करू का आम्ही?’ आमच्याकडं माणसाला दूर सारायचं असलं तर शिवी द्यावी लागत नाही, मान दिला की पुरतं.

आधी टोमणे आले. मी प्रशिक्षणाहून परतले तर, ‘आता आम्हांला काय काम? मशीनच सगळं करणार.’ मी साडेपाचला पर्स उचलली तर, ‘निघाल्या? बरंय बाई. आमची दिवसअखेर अजून हातानं होते.’ प्रणाली बंद पडली आणि मी फोनवर कंपनीच्या माणसाशी बोलत होते तर पलीकडच्या टेबलाला उद्देशून, ‘वही कधी हँग झालेली बघितलीय का हो तुम्ही?’ हे शेवटचं वाक्य चांगलं होतं, मला आतून हसू आलं होतं. टोमणा मारणारी माणसं बहुतेकदा भाषेत हुशार असतात. त्यात अडचण अशी की पलीकडचे दोघं मोकळेपणी हसतात, आणि तुम्हाला हसावं की नाही ते ठरवता येत नाही.

इथं एक भेद करायला हवा. सांगलीत थट्टा हा प्रेमाचा प्रकार आहे. माझ्या ऑफिसात एक जण रोज माझ्या डब्यावरून बोलतो आणि तो बोलला नाही तर मला चुकल्यासारखं होतं. मग थट्टा आणि टोमणा ओळखायचा कसा? माझ्यापुरत्या मी तीन गोष्टी बघते. थट्टा करणारा स्वतःवरची थट्टाही ऐकून घेतो. ‘आज नको’ म्हटलं की तो थांबतो. आणि तो तुमच्या दुखऱ्या जागी नेमकं बोट ठेवत नाही. टोमण्याला मात्र ऐकणारे लागतात. खोलीत आम्ही दोघीच असलो की बाई एकही टोमणा मारत नसत, तिसरं माणूस आलं की सुरू होई. शिवाय ‘मला लागलं हो ते’ असं म्हणून बघा. थट्टा करणारा ओशाळतो. टोमणा मारणारा म्हणतो, ‘मी कुठं काय म्हटलं? तुम्हाला उगाच लावून घ्यायची सवय आहे.’

या ‘मी कुठं काय म्हटलं’मध्येच सगळी मेख आहे. टोमण्यात दोन वाक्यं असतात. वरचं वाक्य निरुपद्रवी असतं आणि कुणालाही दाखवता येतं. खालचं बोचतं, पण ते उच्चारलेलं नसतं. आपण खालच्या वाक्याला उत्तर द्यायला गेलो की समोरचा वरच्या वाक्यावर जाऊन उभा राहतो आणि आपणच भांडखोर ठरतो. म्हणून मी वरच्या वाक्यालाच उत्तर द्यायला लागले, तेही शब्दशः आणि त्याच आवाजात. ‘आमची दिवसअखेर अजून हातानं होते’ असं आलं की पर्स खाली ठेवून विचारायचं, ‘किती व्हाउचरं राहिलीत? निम्मी माझ्याकडं द्या.’ आवाजात खोच येऊ द्यायची नाही, हे यातलं सगळ्यात अवघड. खोच आली की आपलाही टोमणाच होतो. आणि निम्मी व्हाउचरं खरंच घ्यायची तयारी हवी. एकदा त्यांनी खरोखरच गठ्ठा सरकवला. मी तो केला. बसचुकीचं दुःख झालं, पण त्यानंतर ते वाक्य पुन्हा आलं नाही.

प्रत्येक टोमण्यात काम नसतं. काही नुसतेच बोचरे असतात. तिथं एक साधा प्रश्न चालतो, ‘म्हणजे कसं? मला कळलं नाही.’ विचारायचा आणि थांबायचं. टोमणा समजावून सांगायला लागला की त्यातली मजा जाते, आणि पलीकडचे दोघंही हसायचे थांबतात. पण हा प्रश्न रोजरोज विचारू नये. तिसऱ्या वेळेला तो नाटकी वाटतो, आणि ही नाट्यपंढरी आहे. इथं प्रत्येकाला नाटक ओळखता येतं.

उलट टोमणा मारायचा मोह मलाही होतो, नाही असं नाही. जिभेवर आलेलं एकेक वाक्य काय सुंदर असतं! पण तसं केलं की ऑफिसला करमणूक मिळते, दोन पार्ट्या पडतात आणि मूळ प्रश्न कुणालाच आठवत नाही. सुरुवात कुणी केली हेही चार दिवसांत पुसलं जातं. साहेबांपुढं जायची वेळ आली तर ते एकच वाक्य ऐकवतात, ‘तुम्ही दोघीही सारख्याच.’

मी बोलण्याला धार देणं बंद केलं तसे टोमणे काही दिवस वाढले. हे सांगून ठेवते, कारण नेमक्या इथंच बहुतेकजणी हात टेकतात. शिकण्याच्या मानसशास्त्रात ही जुनी गोष्ट आहे. एखाद्या वागण्याला रोज मिळणारा प्रतिसाद बंद झाला की ते वागणं विझण्याआधी कित्येकदा उफाळतं. त्या आठवड्यात आपण चिडून एकदा जरी फटकन बोललो, तरी समोरच्याला धडा मिळतो की जोर वाढवला की काम होतं. मला हे आधी ठाऊक होतं म्हणून निभावलं.

टोमणे संपले आणि अबोला सुरू झाला.

मी सकाळी ‘नमस्कार’ म्हटलं की बाई कपाट उघडायला उठायच्या. व्हाउचरं माझ्याकडं यायची, पण टेबलाच्या पार कडेला, मला उठून घ्यावी लागतील अशी. निरोप शिपाईमामांकडून यायचे. ‘मामा, त्यांना सांगा, पिग्मी एजंटांच्या कमिशनचा तक्ता झाला.’ ‘त्या’ म्हणजे मी, दोन फुटांवर. मामा बिचारे एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा त्यांच्याकडं, आणि मी ऐकलंय हे दिसत असूनही पुन्हा मला सांगायचे. चार वाजता चहाबरोबर भडंग निघायचा. कागदावर ओतलेला भडंग बाईंच्या हातून पलीकडच्या टेबलाला जायचा, माझ्यावरून.

किपलिंग विल्यम्स नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत. (नाव वाचून मला आधी तो कवीच वाटला होता.) ते एकदा बागेत बसले होते, तर दोन अनोळखी माणसांची फिरकी तबकडी त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, त्या दोघांनी यांच्याकडं फेकली, खेळ रंगला. मग अचानक त्या दोघांनी यांच्याकडं फेकणं बंद केलं. पुन्हा कधी न भेटणारी माणसं, फुकटचा खेळ, आणि तरी आपल्याला किती लागलं याचं त्यांना आश्चर्य वाटलं. त्यातून पुढं त्यांनी संगणकावरचा एक चेंडूफेकीचा खेळ प्रयोगासाठी तयार केला. सुरुवातीला तुमच्याकडं चेंडू येतो, मग बाकीचे दोघं आपापसातच खेळत राहतात. काही मिनिटांचा खेळ, पण वगळलेल्या माणसाला आपण कुणाचेच नाही, आपलं मोल नाही, आपल्या हातात काही नाही, आपण असून नसल्यासारखे आहोत असं वाटायला तेवढा पुरतो. समोर माणसं नसून संगणकच खेळतोय असं आधी सांगितलं तरीही लोकांना लागलं.

हे वाचलं तेव्हा मला भडंगाचा कागद आठवला आणि जरा बरंही वाटलं. अबोल्याची कळ विचार करायच्या आधी येते. ‘एवढ्याशा गोष्टीचं मला एवढं का वाटतंय’ म्हणून स्वतःलाच बोल लावण्यात अर्थ नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की कळ ताजी असताना काही ठरवू नये. भडंग डोक्यावरून गेला की लगेच साहेबांना भेटायला जाणं, कुणाला लांबलचक व्हॉट्सअॅप करणं, हे सगळं त्या कळेतून येतं. मी त्या वेळी नुसती उठून जिन्यात जाते, पाणी पिते, आणि जे ठरवायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवते.

आधी मात्र खात्री करावी की हा अबोलाच आहे. माझ्या आधीच्या टेबलाशेजारी एक गृहस्थ होते, ते कधी उत्तर द्यायचे, कधी नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांना तुसडं ठरवलं होतं. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि माझी खुर्ची डावीकडं होती. एखाद्याच्या घरी आजारपण असतं, कुणाच्या मुलाचं काही बिनसलेलं असतं. म्हणून मी बघते की हे माणूस बाकीच्यांशी नेहमीसारखं बोलतंय का, आणि माझ्याशी कधीपासून बोलत नाही. बाई सगळ्यांशी हसून बोलत होत्या, माझ्या वाट्याला तेवढी भिंत होती. शंकेला जागा नव्हती.

आता त्या ‘दुर्लक्ष करा’कडं येते. टोमण्याकडं दुर्लक्ष करा, हे ठीक. माणसाकडं दुर्लक्ष करा म्हटलं की मी गप्प बसायचं, त्यांच्याकडं बघायचं नाही, नमस्कार बंद करायचा. पलीकडच्या खुर्चीतून ते कसं दिसतं? अबोल्यासारखंच. मग ऑफिसात एकाऐवजी दोन अबोले होतात आणि आपल्यालाही कारण विचारलं तर सांगता येत नाही. याच्या उलट टोकाला विनवण्या असतात. ‘काय झालं? माझं काही चुकलं का? बोला ना.’ रोज सकाळी हे विचारलं की अबोल्याला रोज सकाळी ताकद मिळते, कारण तुम्ही किती अस्वस्थ आहात हे समोरच्याला फुकटात कळत राहतं.

मी मधला रस्ता धरला आणि तो कंटाळवाणा आहे. सकाळचा नमस्कार चालू ठेवला, रोज त्याच आवाजात, उत्तराची वाट न बघता. कामाचं थेट बोलत राहिले, ‘हे मुदत ठेवीचं व्हाउचर, वारसाचं नाव राहिलंय, बघून घ्या.’ मामांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं, ‘तुम्ही निरोप पोचवू नका. म्हणा, त्या तिथंच बसल्यात.’ मामांना सुटल्यासारखं झालं. मध्यस्थ असला की अबोला वर्षभर सुखानं चालतो, कारण काम अडत नाही. आमच्या नात्यात एका घरी दोन भाऊ आईच्या मार्फत किती वर्षं बोलत होते, ते सांगायला लागले तर वेगळा लेख होईल.

आणि एकदाच, एकांतात, विचारलं. ही जागा निवडायला मी वेळ घेतला. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये बाई जुन्या खतावण्या काढायला एकट्या असतात. तिथं ऐकणारं कुणी नसतं, आणि हातात काम असल्यामुळं एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी म्हटलं, ‘बाई, प्रशिक्षणाची नोटीस लागल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. माझ्याकडून काही झालं असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. सांगायचं नसेल तरी चालेल. कामाचं मात्र आपण एकमेकींशी थेट बोलू.’ एवढंच. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ हे नाही, ‘सगळे म्हणतात’ हे तर अजिबात नाही. सगळे म्हणतात म्हटलं की समोरच्याचं डोकं ते सगळे कोण, याचाच शोध घेत बसतं.

त्या म्हणाल्या, ‘मी कुठं बोलत नाही? कामात असते.’

मी ‘बरं’ म्हटलं आणि खाली आले. विचारून झालं होतं, पुन्हा विचारायचं नाही हे ठरलेलं होतं. दार उघडं आहे एवढंच त्यांना कळायला हवं होतं. विल्यम्स यांनी ज्या लोकांशी बोलून याचा अभ्यास केला त्यांत अबोला धरणारेही होते, आणि त्यांनाही तो सोडणं जड जातं असं दिसलं. मला ते पटतं. पहिले दोन दिवस रागाचे असतात, त्यानंतर माणूस बोलायचं कसं सुरू करू या पेचात अडकलेलं असतं. आपण होऊन बोललं तर हरल्यासारखं होतं. म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली तर ‘आज सूर्य कुठून उगवला’ असं म्हणायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं होतं. तसं बोलून किती अबोले पुन्हा सुरू झालेत!

यात मी पुढं जाऊन एक काम केलं, ते जास्त महत्त्वाचं ठरलं. दोन टेबलांच्या मध्ये एक ट्रे आणला आणि एक साधी वही ठेवली. व्हाउचरांचा गठ्ठा इकडून तिकडं गेला की तारीख, वेळ, किती नग आणि सही. साहेबांना विचारून ही वही फक्त आमच्यातच नव्हे तर काउंटर आणि कर्ज विभागालाही लागू केली. फक्त बाईंसाठी वही काढली असती तर तो माझा टोमणा झाला असता. वहीमुळं गोडवा आला नाही, पण कुणाचा मूड कसाही असला तरी कागद कुठं आहे हे कळू लागलं.

आणि कळायलाच हवं होतं, कारण तोवर एक वाईट गोष्ट झाली होती. बुधगावचे एक आजोबा मुदत संपलेल्या ठेवीसाठी आले. त्यांची पावती आणि अर्ज बाईंकडं होता. मी विचारलं, ‘आजोबांचा अर्ज आलाय का तुमच्याकडं?’ उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही. त्या समोरच्या तक्त्यात बघत राहिल्या. आजोबा बाकावर बसून राहिले, शेवटी उद्या येतो म्हणून गेले. अर्ज बाईंच्या ड्रॉवरमध्येच होता.

माझ्या मते सीमा इथं आहे. भडंग मिळाला नाही, नमस्काराला उत्तर आलं नाही, ही माझी दुःखं आहेत आणि ती घेऊन मी साहेबांकडं गेले नसते. पण तिऱ्हाईताला फेरा पडला की प्रश्न संस्थेचा होतो. मी साहेबांकडं गेले तेव्हा एका कागदावर चार ओळी लिहून नेल्या. तारीख, ठेवीदार किती वाजता आले, मी काय विचारलं, अर्ज नंतर कुठं सापडला. ‘उर्मट’, ‘मुद्दाम’, ‘मत्सर’ यातला एकही शब्द नाही. कुणाच्या मनात काय आहे हे मी सिद्ध करू शकत नाही, अर्ज कुठं होता हे करू शकते. साहेबांना या भाषेत बोललं की कळतं. भावनांच्या भाषेत बोललं की ते घड्याळाकडं बघतात.

त्याच भेटीत दुसरंही बोलले. नवीन प्रणालीत जुनी खाती घालायची होती आणि त्यांत कितीतरी खात्यांचे मेळ वर्षानुवर्षं बसलेले नव्हते. ते मेळ बसवू शकेल असं माणूस संस्थेत एकच होतं. मी म्हटलं, ही जुळवणी बाईंच्या देखरेखीखाली व्हायला हवी, आणि तसं तुम्ही त्यांना बोलावून स्वतः सांगा, फलकावर लावू नका.

याला कुणी लोणी लावणं म्हणेल. मला तसं वाटत नाही. 1945 साली अमेरिकेच्या युद्ध खात्याच्या एका वैद्यकीय पत्रकात अशा सैनिकांचं वर्णन आलं होतं, जे हुकमाला ‘नाही’ म्हणत नाहीत, पण रुसतात, रेंगाळतात, काम मुद्दाम अर्धवट करतात. पुढं मानसोपचाराच्या पुस्तकांत याला बरीच वर्षं व्यक्तिमत्त्वाचा विकार मानलं गेलं आणि 1994 च्या आवृत्तीत तो विकारांच्या मुख्य यादीतून काढला गेला. मला यातला सैन्याचा भाग बोलका वाटतो. जिथं वरच्याला तोंडावर ‘हे मला मान्य नाही’ म्हणता येत नाही, तिथं नकार अशा वाटेनं बाहेर पडतो. बाईंचा राग साहेबांवर होता. पण साहेबांच्या केबिनला दार आहे आणि माझ्या टेबलाला नाही. हे समजल्यानं मला लागायचं थांबलं नाही, पण काम कुठं करायचं ते कळलं.

साहेबांनी बोलावलं त्या दिवशी बाई केबिनमधून बाहेर आल्या, कपाट उघडलं, तीन जाड खतावण्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘ही व्याजाची खाती आधी घ्यावी लागतील. तुमच्या मशीनला ओपनिंग बॅलन्स कुठल्या तारखेचा लागतो?’ मी म्हटलं, ‘1 एप्रिलचा.’ आणि आम्ही कामाला लागलो. नोटिशीबद्दल त्या आजपर्यंत काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मी अजून ‘मॅडम’च आहे. ‘अगं’ गेलं ते गेलंच, आणि ते परत यावं अशी अपेक्षा आता मी ठेवत नाही. शेजारणीशी मैत्री असली तर छान, पण दिवसअखेर जुळवायला ती लागत नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. वर लिहिलेलं सगळं मानापमानातून आलेल्या कुरबुरीसाठी आहे. टोमणे जर जातीवरून असतील, किंवा बाई म्हणून अंगचटीला येणारे असतील, तर शब्दशः उत्तर द्या, नमस्कार चालू ठेवा हे काहीही लागू नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं, दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. तिथं थांबून समोरच्याला वाट करून देण्यात मुदत निघून जाते. तसंच, वर्षानुवर्षं एकाच माणसाला सगळं खातं मिळून वाळीत टाकत असेल, तर ट्रे आणि वहीनं काही होत नाही. तिथं बदली मागणं हा पळपुटेपणा नाही.

मलाही साहेबांनी टेबल हलवून देऊ का विचारलं होतं. खिडकीजवळ जागा होती. मी नको म्हटलं, कारण व्हाउचरं रोज खोलीभर चालवत न्यावी लागली असती.

आता मार्चअखेर तोंडावर आली आहे. तेव्हा सगळ्यांचीच डोकी तापलेली असतात आणि टोमणे वाढणार हे मी धरून चालले आहे. परवा जुळवणी करता करताच मी बाईंना म्हटलं, ‘यंदा शेवटच्या आठवड्यात व्हाउचरं दुपारी एक आणि चार अशी दोनदा घेऊ. पाचनंतर गठ्ठा आला तर दोघींना उशीर होतो.’ त्यांनी चष्मा वर केला, खतावणीत खूण घातली.

‘साडेतीन करा,’ त्या म्हणाल्या, ‘चारला चहा असतो.’